पार्सल दरवेळी दुसऱ्याच विंगला का जातं? बेळगावातल्या अनेक विंगांच्या अपार्टमेंटसाठी पत्ता दुरुस्तीची पद्धत

मी टिळकवाडीत चार विंगांच्या कॉम्प्लेक्समध्ये राहतो आणि उद्यमबागेतल्या एका कारखान्यात डिस्पॅच बघतो. म्हणजे दिवसभर दुसऱ्यांचे पत्ते वाचायचे आणि संध्याकाळी घरी येऊन स्वतःचं पार्सल कुठल्या विंगमध्ये गेलं ते शोधायचं. आमच्या कमिटीचा चिटणीस झाल्यापासून हाच बिघाड आमच्याकडे, मग शेजारच्या दोन कॉम्प्लेक्समध्ये आणि शेवटी निपाणीला मेहुण्याच्या अपार्टमेंटमध्ये दुरुस्त केला. चारही ठिकाणी कारणं तीच निघाली.

आधी लक्षण नीट ओळखा

‘पार्सल चुकतं’ एवढ्यावर काही कळत नाही. ते कुठे जातं हे चार-पाच वेळा वहीत लिहून काढा, मग कारण आपोआप दिसायला लागतं.

तुमचं सामान तुमच्याच नंबरच्या, पण दुसऱ्या विंगमधल्या फ्लॅटला जात असेल, म्हणजे डी-३०४ चं बी-३०४ ला, तर पत्त्यातलं विंगचं अक्षर वाटेत गळतंय किंवा बदलतंय. सगळ्यांचंच सामान वॉचमनच्या केबिनपाशी किंवा पहिल्या विंगखाली येऊन थांबत असेल, तर नकाशाला विंगा माहीतच नाहीत. त्याच्या दृष्टीने तुमचं अख्खं कॉम्प्लेक्स म्हणजे एक ठिपका. सामान आणणारा मुलगा मागच्या गल्लीत कंपाउंडच्या भिंतीबाहेर उभा राहून फोन करत असेल, तर ठिपका बरोबर आहे आणि रस्ता चुकलाय. आणि ऑनलाइन फॉर्म ‘हा पत्ता आधीच नोंदलेला आहे’ म्हणत असेल, तर कुठल्यातरी यंत्रणेने तुम्हाला आणि दुसऱ्या विंगमधल्या कुटुंबाला एकच घर धरलंय.

एक गोष्ट मात्र दुरुस्तीची वाट बघत ठेवू नका. घरात कुणाला छातीत दुखायला लागलं आणि १०८ किंवा ११२ ला फोन केला, तर पत्ता सांगून झाल्यावर घरातल्या एकाला लगेच मुख्य गेटवर पाठवा. दुरुस्ती पूर्ण झाल्यावरही आमच्याकडे हाच नियम आहे.

पहिली तपासणी: तुमच्या विंगचं नाव नक्की काय आहे?

याला पैसे लागत नाहीत, दहा मिनिटं लागतात, आणि निम्मी प्रकरणं इथेच संपतात. इमारतीवरची पाटी, खरेदीखत, घरपट्टीची पावती आणि विजेचं बिल समोर ठेवा. चारही ठिकाणी विंगचं नाव काय लिहिलंय ते एका कागदावर उतरवा.

आपल्याकडे हा गोंधळ जरा जास्तच होतो. पुण्या-मुंबईकडून आलेला माणूस ‘विंग’ म्हणतो. बेंगळुरूच्या वळणाने लिहिलेल्या कागदांत ‘ब्लॉक’ असतो. जाहिरातीच्या पत्रकात ‘टॉवर’ असतो. आणि आपल्या जुन्या मराठीत ‘ब्लॉक’ म्हणजे राहायची स्वतंत्र जागा, ‘दोन खोल्यांचा ब्लॉक’ म्हणतात तसा. त्यामुळे ‘बी ब्लॉक’ ऐकून आमचे एक काका बरेच दिवस समजत होते की बी हा फ्लॅटचाच नंबर आहे.

आमच्या खरेदीखतात ब्लॉक १ ते ४ आहे आणि पाटीवर ए ते डी. ब्लॉक १ म्हणजे ए असंच कुणीही धरेल. प्रत्यक्षात नकाशा मंजुरीला गेला तेव्हा मागच्या बाजूने मोजलं होतं, म्हणून ब्लॉक १ म्हणजे आमची डी विंग. हे कळल्याशिवाय पुढे काहीही दुरुस्त केलं असतं तरी चूकच पक्की झाली असती. रोजच्या पत्त्यासाठी एकच नाव वापरा, पाटीवर दिसतं तेच. सामान आणणारा खरेदीखत वाचत नाही, मान वर करून पाटी बघतो.

पाटी नसेल किंवा वाहनतळात शिरल्यावर दिसत नसेल, तर आधी ती लावा. प्रत्येक जिन्याच्या तोंडाशी, माणसाच्या नजरेच्या उंचीवर, रात्री दिव्यात दिसेल अशी.

दुसरी तपासणी: अक्षर कुठे गळतंय?

संगणक पत्ता कसा जुळवतो हे एकदा समजून घेतलं की पुढचं सोपं जातं. आमचा पत्ता नाव बदलून देतो:

```
B-304, Amuk Residency, Mangalwar Peth, Tilakwadi, Belagavi 590006
D-304, Amuk Residency, Mangalwar Peth, Tilakwadi, Belagavi 590006
```

स्वल्पविराम आणि मोकळ्या जागा धरून प्रत्येक ओळीत ६५ चिन्हं आहेत आणि दोन ओळींत फरक फक्त एकाचा. ६४ जुळली म्हणजे सारखेपणा ९८ टक्क्यांच्या वर. टायपिंगच्या चुका माफ करणारी यंत्रणा इथे म्हणते, ‘एकच पत्ता आहे, एक अक्षर चुकून पडलं असेल.’ आता शहराचं नाव घ्या. `Belgaum` चं `Belagavi` करायला तीन बदल लागतात: एक a वाढवायचा, u चा v करायचा आणि m चा i. म्हणजे या हिशोबात आमची बी आणि डी विंग एकमेकींच्या जितक्या जवळ आहेत, तितकं बेळगाव बेळगावीच्याही जवळ नाही! २०१४ मध्ये नाव बदललं तरी जुनं स्पेलिंग निम्म्या पत्त्यांत आहेच. ते खपवून घ्यायला यंत्रणेची माफी सैल ठेवावी लागते, आणि त्या सैल माफीत विंगचं अक्षर बुडून जातं.

दुसरी गळती सुट्या अक्षराची. शोध घेणाऱ्या बऱ्याच यंत्रणा फार छोटे शब्द टाकून देतात. इंग्रजीसाठी बनवलेल्या यंत्रणेत `A` हे उपपद समजून गाळलं जातं, जसं `the` गाळतात. काही डेटाबेसच्या शब्दशोधात तीन अक्षरांपेक्षा लहान शब्द मुळात साठवलेच जात नाहीत. `A Wing, Flat 304` असं लिहिलं की A गळतं, मागे उरतं `Wing Flat 304`, आणि ते चारही विंगांना लागू पडतं.

म्हणून विंग आणि फ्लॅट मध्ये मोकळी जागा न ठेवता जोडून लिहा आणि पत्त्याच्या अगदी पहिल्या रकान्यात लिहा. माझी सवय अशी, की तेच दोनदा सांगायचं, एकदा जोडून आणि एकदा शब्दांत:

```
House/Flat : D-304
Building   : Amuk Residency D-Wing
Landmark   : last building, behind water tank
```

पहिल्या रकान्यातलं अक्षर गळलं तर दुसऱ्यातलं उरतं, दोन्ही गळली तर खुणेवरून माणसाला कळतं. ‘Landmark’ मध्ये ‘अमुक देवळाजवळ’ लिहू नका. देवळापासून गेटपर्यंत सामान आणणारा नकाशा बघून येतोच. त्याची अडचण गेटच्या आत सुरू होते, तेव्हा खूण आतली द्या. आणि हे रकाने आकड्यांसह इंग्रजीतच भरा. `304` ऐवजी ३०४ टाकलं की काही फॉर्म ते मुकाट्याने पुसून टाकतात.

तिसरी गळती खास आपल्या सीमाभागातली, लिपीची. घरात पत्ता मराठीत, सरकारी कागद कन्नडमध्ये, अ‍ॅप इंग्रजीत. आपण ‘ए विंग’ लिहितो. तो मजकूर यंत्राने रोमन लिपीत नेला की ‘ए’ चं होतं `E`, कारण लिप्यंतराच्या नियमाने ए म्हणजे e. कन्नडमध्ये लिहिलेल्या ए चंही तेच होतं. ‘बी’ चं `Bi`, ‘सी’ चं `Si`. चार विंगा असतील तर `E Wing` बघून निदान फोन तरी येतो. शेजारच्या सहा विंगांच्या कॉम्प्लेक्समध्ये खरीच ई विंग आहे. तिथल्या ए विंगमधल्या काकूंना गडहिंग्लजच्या नणंदेने पाठवलेला दिवाळीचा फराळ ई विंगमध्ये दोन दिवस पडून होता. चकल्या मऊ पडल्या होत्या. पाठवणाऱ्याला विंगचं अक्षर रोमन लिपीतच लिहायला सांगा, बाकी पत्ता मराठीत असला तरी चालेल. पोस्टमनला दोन्ही वाचता येतं.

फोनवर सांगताना बी, डी, ई, सी सगळे एकसारखे ऐकू येतात. आमचा वॉचमन सगळ्यांना सांगतो, ‘बी बेळगावचा, डी धारवाडचा.’ यात चूक झालेली मी पाहिलेली नाही.

तिसरी तपासणी: जुनी पिन

पत्ता सुधारला, तरी मुलगा पुन्हा ए विंगखालीच उभा. असं झालं की लोक वैतागतात. इथे पिन म्हणजे पिनकोड नव्हे, नकाशावरचा ठिपका. बहुतेक अ‍ॅपमध्ये पत्त्याचा मजकूर आणि ठिपका वेगवेगळे साठवलेले असतात. मजकूर बदलला म्हणून ठिपका हलत नाही. पहिल्या ऑर्डरच्या दिवशी तुम्ही गेटपाशी उभे असाल, तर ठिपका आजही गेटपाशीच आहे, आणि मुलगा चालतो तो ठिपक्याकडे बघून. त्यामुळे जुना पत्ता दुरुस्त करत बसू नका. तो पूर्ण काढून टाका आणि नवीन घाला.

नवीन ठिपका लावताना घरात सोफ्यावर बसून ‘Use current location’ दाबू नका. मोकळ्या आकाशाखाली चांगल्या फोनची चूक साधारण ५ मीटर असते, काँक्रीटच्या आत ती कितीतरी वाढते. आमच्या सी आणि डी विंगमध्ये जेमतेम ९ मीटर अंतर आहे. खाली जा, तुमच्या जिन्याच्या तोंडासमोर उघड्यावर उभे राहा, अर्धा मिनिट थांबा, मग नकाशाचं उपग्रह चित्र लावून ठिपका बोटाने सरकवत जिन्यावर आणा. छपराच्या मध्यावर लावू नका. माणूस छपरातून येत नाही.

टपाल खात्याने २७ मे २०२५ ला आणलेला डिजिपिन इथे उपयोगी पडेल का, असं बरेच जण विचारतात. दहा अक्षरांचा तो कोड साधारण ४ मीटर लांब-रुंद चौकोन दाखवतो, त्यामुळे दोन विंगा तो नक्की वेगळ्या करतो. पण फोनची चूकच चौकोनापेक्षा मोठी आहे, म्हणून कोडही नकाशावर जिना बघूनच काढा. मजला त्यात येत नाही, १०४ आणि ५०४ चा कोड एकच. तेव्हा तो पत्त्याच्या जोडीला द्या, पत्त्याऐवजी नव्हे.

चौथी तपासणी: नकाशाला विंगा माहीत आहेत का?

दुसऱ्याचा फोन घ्या, ज्यात तुमचा पत्ता कधी घातलेला नाही. स्वतःच्या फोनवर शोधलं तर तो तुमच्या सवयीवरून उत्तर देतो. `Amuk Residency D Wing Belagavi` शोधा, मग `A Wing` घालून शोधा. दोन्ही वेळा ठिपका त्याच जागी आला, तर नकाशाकडे फक्त कॉम्प्लेक्स आहे आणि विंगचा शब्द त्याने सोडून दिलाय.

गूगल मॅप्सवर आमचं कॉम्प्लेक्स तीन वेळा होतं. तीन उत्साही रहिवाशांनी तीन वेगळ्या स्पेलिंगने घातलेलं. आधी हे आवरा. एक नोंद ठेवा, बाकीच्यांवर `Suggest an edit` मधून ‘Close or remove’ निवडून दुबार म्हणून कळवा. मग `Add a missing place` ने प्रत्येक विंग वेगळी घाला, नावात कॉम्प्लेक्सचं नाव पूर्ण असू द्या. नुसतं ‘डी विंग’ घातलंत तर गावभरच्या डी विंगांत तुमची एक भर. नोंद तपासून मगच दिसते, तेव्हा लगेच दिसली नाही म्हणून पुन्हा घालू नका. दुबार नोंदी अशाच होतात.

ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनीच मिळून काढलेल्या खुल्या नकाशावर काम जास्त नेमकं होतं, कारण तिथे जिनाही नोंदता येतो. प्रत्येक विंगची बाह्यरेषा वेगळी काढायची, आणि जिना असेल त्या ठिकाणी रेषेवर बिंदू. खालच्या पहिल्या तीन ओळी बाह्यरेषेला लावायच्या, पुढच्या तीन बिंदूला:

```
building=apartments
name=Amuk Residency D Wing
alt_name=Amuk Residency D Block

entrance=staircase
ref=D
addr:flats=101-104;201-204;301-304;401-404;501-504
```

`name:mr` आणि `name:kn` मध्ये मराठी आणि कन्नड नावंही घाला, पण त्यातही विंगचं अक्षर रोमनच ठेवा. रहिवाशांची नावं किंवा फोन नंबर मात्र नकाशावर कधीच नकोत.

आता मागच्या गल्लीची भानगड. आमची डी विंग सर्वांत आत आहे. मुख्य गेटपासून तिच्या जिन्यापर्यंत सुमारे ७० मीटर आतला रस्ता आहे, पण तो नकाशावर काढलेलाच नव्हता. तिची मागची भिंत ओलांडली की १५ मीटरवर दुसरी गल्ली. रस्ता शोधणारी यंत्रणा ठिपक्यापासून सर्वांत जवळचा रस्ता धरते, भिंत तिला दिसत नाही. मी पिन जिन्यावर नेमकी लावली, आणि मुलं गेटवर यायची ती मागच्या गल्लीत जायला लागली!

‘अण्णा, तुमच्या विंगपाशीच आलोय बघा, गेट कुठं हाय?’

‘गेट पुढं आहे रे, तू मागं गेलायस.’

‘मॅप तर आलं म्हणतंय की ओ!’

बिचाऱ्याचं खरंच होतं. मी आतला रस्ता मुख्य गेटपासून चारही जिन्यांपर्यंत `highway=service` म्हणून काढला, गेटवर `barrier=gate` चा बिंदू घातला आणि मागची भिंत `barrier=wall` म्हणून काढली. नुसती भिंत काढून भागत नाही. आतला रस्ता असेल तरच यंत्रणेला ‘जवळचा रस्ता’ म्हणून तो सापडतो. त्या नकाशावर चालणाऱ्या अ‍ॅपमध्ये फरक पडला. ज्यांचा नकाशा वेगळा आहे, त्यांच्यासाठी डी विंगवाले अजून खुणेच्या रकान्यात `Enter from main gate only, no back gate` लिहितात. हे दिसायला ओबडधोबड आहे, पण चालतं.

पाचवी तपासणी: कमिटीची संमती लागणारी कामं

आमच्याकडे प्रत्येक विंगला पाच मजले, मजल्यावर चार फ्लॅट, म्हणजे एकूण ८० घरं. त्यात ३०४ नंबरची दारं चार. सगळ्या गोंधळाचं मूळ हे आहे. दारावर नुसतं ३०४ न लिहिता `D-304` अशी एकसंध पाटी लावा, टपालपेट्यांवरही तेच. ८० पाट्यांचा खर्च आम्हाला एका महिन्याच्या देखभाल वर्गणीत सहज बसला, बैठकीतलं भांडण मात्र दीड तास चाललं.

काही जण सुचवतात की नंबरच बदलून टाकू, डी विंगचा ३०४ होऊ दे ४३०४. कल्पना चांगली आहे, पण इमारत नवी असेल तरच. लोक राहायला आल्यावर नंबर बदलला तर खरेदीखत, कर्ज, आधार, गॅस सगळीकडे जुना नंबर राहतो आणि एका चुकीच्या जागी दोन होतात. आम्ही तो ठराव फेटाळला.

गेटवर विंगांचा साधा आराखडा लावा: तुम्ही इथे उभे आहात, ए डावीकडे, डी शेवटी टाकीमागे. फ्लॅटधारकांच्या नावांची यादी तिथे लावायची गरज नाही.

इथे थांबा आणि माणूस गाठा

खरेदीखतात लिहिलेली विंग आणि तुम्ही राहता ती विंग वेगळी निघाली, तर स्वतः काही करू नका. आमच्यासारखं नुसतं नाव वेगळं असेल, तर मंजूर आराखड्याशी ताडून ते कळतं. पण आराखड्याप्रमाणेही तुमचा फ्लॅट दुसऱ्याच विंगमध्ये येत असेल, तर तो पत्त्याचा प्रश्न राहत नाही, मालकीचा होतो. मालमत्तेचं काम करणाऱ्या वकिलाकडे खरेदीखत, आराखडा आणि अपार्टमेंटचं घोषणापत्र घेऊन जा. चूक लिहिण्यातली असेल तर दोन्ही पक्षांच्या सह्यांनी उपनिबंधकाकडे चूकदुरुस्तीचा दस्त होतो. त्याआधी आधारवरचा किंवा बँकेतला पत्ता बदलू नका, नाहीतर प्रत्येक कागद वेगळी विंग सांगायला लागतो.

घरपट्टीच्या नोंदीत तुमच्या मालमत्ता क्रमांकावर दुसऱ्याची विंग असेल, तरी तसंच. जुन्या पावत्या घेऊन महापालिकेच्या महसूल विभागात जा. ‘भरतोय ना पैसे, मग झालं’ म्हणत आमच्या एका शेजाऱ्याने चार वर्षं दुसऱ्याच्याच फ्लॅटची पट्टी भरली.

आणि वरच्या सगळ्या तपासण्या झाल्यावरही एकाच कंपनीचं सामान चुकत असेल, बाकीच्यांचं बरोबर येत असेल, तर दोष त्यांच्या पत्त्यांच्या यादीत आहे. तिथे तुमचा पत्ता पुनःपुन्हा वेगळ्या तऱ्हेने लिहून बघू नका, दर वेळी त्यांच्याकडे आणखी एक जुळं तयार होतं. तीन ऑर्डरचे क्रमांक, प्रत्येक वेळी सामान कुठल्या विंगला गेलं ते, आणि जिन्याचे अक्षांश-रेखांश एवढं लेखी पाठवा आणि ‘दोन नोंदी एकत्र झाल्या आहेत, वेगळ्या करा’ असं स्पष्ट लिहा. आमच्या बी-३०४ वाल्यांचं आणि माझं आडनाव एकच आहे. आम्हाला एका कंपनीने एकच गिऱ्हाईक केलं होतं, आणि ते सोडवायला पाच आठवडे गेले. तोवर त्यांची मिक्सरची भांडी माझ्याकडे आणि माझी पुस्तकं त्यांच्याकडे.